दुसरा गडी कुठे जातो?

शालेय स्पर्धांसाठी 17 आणि 19 वर्षांखालील संघांचा सराव सुरू झाला की मुलं सगळ्यात आधी घोटा पकड मागतात, आणि बरेच प्रशिक्षक ती आधी शिकवतातही. माझा याला विरोध आहे. घोटा धरणाऱ्याच्या आधी त्याच्या शेजारचा गडी तयार झाला पाहिजे, कारण गुडघ्याला मोठा धोका त्या दुसऱ्याच्या घाईचा असतो.

डाव्या कोपऱ्याचं उदाहरण घ्या. चढाईपटू उजवा पाय लांबवून टो टच मारतो. तो पाय मागे खेचायच्या आत कोपरारक्षकाने खाली बसत एक हात टाचेमागून आणि दुसरा घोट्यावरून घालायचा, घोटा छातीशी घ्यायचा आणि सरळ मागे ओढायचा. पाय पिळायचा नाही. चेहरा पायाच्या बाजूला ठेवायचा, समोर राहिला तर टाच थेट दातांवर बसते.

आता चढाईपटूचा सगळा भार डाव्या पायावर आहे आणि तो मध्यरेषेकडे वळू पाहतोय. याच क्षणी शेजारचा मध्यरक्षक सूर मारून त्या टेकलेल्या पायाच्या गुडघ्यावर बाहेरून आदळला, तर पाऊल जागीच रुतलेलं राहतं आणि गुडघा आतल्या बाजूला वाकतो. अस्थिबंध फाटतात ते असे. त्याने जायला हवं मध्यरेषेच्या बाजूने, परतीची वाट अडवत: खांदा कंबरेला, दोन्ही हातांचा विळखा धडाभोवती, डोकं बाजूला. ब्लॉक म्हणजे एवढंच. हाताने मैदानाबाहेर ढकलणं ब्लॉक नव्हे. ते नियमातही बसत नाही. गळा आवळणं, तोंड दाबणं आणि पायांची कात्री यांनाही बंदी आहे.

साखळीत कोपरा आणि मध्यरक्षक हात धरून असतात तेव्हा बोटांत बोटं अडकवू देऊ नका. झटापटीत ती वेळेवर सुटत नाहीत आणि मुरगळतात. तळव्याला तळवा किंवा मनगट धरावं. कोपऱ्याने घोट्यावर झेप घेताच साखळी सुटली पाहिजे, नाहीतर मध्यरक्षक फरफटत खालीच ओढला जातो, म्हणजे पुन्हा गुडघ्यावर. सरावात हे ओळखणं सोपं आहे. पकड झाल्यावर मध्यरक्षकाचं डोकं चढाईपटूच्या कंबरेखाली दिसलं, तर तो उशिरा सुटलाय.

म्हणून आधी चालत्या गतीने, मग अर्ध्या वेगाने आणि शेवटी दम घेऊन पूर्ण चढाई, असा क्रम ठेवावा. जोड्या वजनानुसार लावाव्यात, नखं रोज तपासावीत. चढाईपटूचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले की शिट्टी वाजलीच पाहिजे, मग गुण ठरलेला असो वा नसो.

खरी परीक्षा होते ती मैदानात तीनच बचावपटू उरतात तेव्हा. अव्वल पकडीच्या जादा गुणासाठी कोपरा एकटाच झेपावतो, मध्यरक्षक दूर असतो आणि धडपडत खालून येतो. शालेय संघाला मी इथे एकच सूचना देईन: मध्यरक्षक हाताच्या अंतरावर नसेल तर घोटा सोडून द्या, तो एक गुण जाऊ द्या.