‘मेहनती आहे’ याच्या पुढे काय लिहाल?

नोव्हेंबर उजाडला की आपल्या कार्यालयांत एक ठरलेला प्रसंग घडतो. दोन-तीन वर्षं आपल्याकडे काम केलेला कनिष्ठ अभियंता दुपारच्या चहानंतर केबिनच्या दारात घुटमळतो. “सर, अमेरिकेत एमएससाठी अर्ज करतोय. तीन शिफारसपत्रं लागतात. दोन कॉलेजमधली आहेत, एक तुमचं हवं होतं.” आपण आनंदाने हो म्हणतो, आणि लगेच पुढचं वाक्य येतं, त्याच्याकडून किंवा आपल्याकडून: “ड्राफ्ट तयार करून दे, मी बघून सही करतो.”

हे वाक्य आपण सोडून द्यावं, एवढ्यासाठी या महिन्याचं संपादकीय लिहितो आहे.

वेळेची ओढाताण मला ठाऊक आहे. स्लॅबच्या आदल्या रात्री स्टीलची तपासणी करून आलेल्या माणसाला दीड पान इंग्रजी लिहायला सांगणं सोपं नाही. पण उमेदवाराने स्वतःच लिहिलेल्या पत्रात एक गोष्ट कधीच येत नाही, आणि नेमकी तीच प्रवेश समितीला हवी असते. आपण केलेल्या कामाकडे आपल्यापेक्षा जाणत्या माणसाने कसं पाहिलं, हे उमेदवाराला ठाऊक नसतं. मग तो इंटरनेटवरचा नमुना घेतो आणि त्यात विशेषणं भरतो: मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, संघभावनेने काम करणारा. कॉलेजच्या दोन पत्रांचे मसुदेही त्यानेच केलेले असतात. तिन्ही पत्रांत तीच वाक्यरचना आणि तेच आवडते शब्द दिसले की शेकडो पत्रं वाचणाऱ्या प्राध्यापकाला लेखक ओळखायला फार वेळ लागत नाही. त्या क्षणी तिन्ही पत्रांची किंमत शून्य होते, आणि मुलाच्या बाकीच्या अर्जाकडेही संशयाने पाहिलं जातं.

त्यातही ‘मेहनती’ या शब्दाबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. आपल्याकडे हे मोठं कौतुक आहे आणि ते मनापासून केलेलं असतं. पण शिफारसपत्रात हा शब्द एकटा उभा राहिला की त्याचा अर्थ बदलतो. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या दोन अभ्यासकांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक नेमण्यासाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं त्यांनी शब्दशः तपासली. कष्टाळू, विश्वासू, काटेकोर अशी घाम गाळण्याची विशेषणं स्त्री उमेदवारांच्या पत्रांत जास्त वेळा आढळली. बुद्धी आणि संशोधन यांबद्दल न बोलता कष्टांचीच स्तुती केली, तर वाचणाऱ्याच्या मनात शंका उभी राहते की कष्टांशिवाय सांगण्यासारखं काही नसावं. त्या अभ्यासाचं क्षेत्र वेगळं आहे, पण आपल्या मुलींसाठी आपण लिहिलेली पत्रं काढून पाहा. मी माझी पाहिली. ‘अत्यंत कष्टाळू’ हे शब्द मला चार पत्रांत सापडले, आणि त्यातली तीन मुलींची होती.

म्हणजे कष्टांबद्दल लिहायचं नाही असं नाही. ते कष्ट कशावर खर्च झाले आणि त्यातून कोणता निर्णय निघाला, ते लिहायचं. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका मुलीसाठी मी पत्र लिहिलं, त्याची हकीकत सांगतो. तिचं नाव इथे देत नाही.

पार्किंग अधिक सात मजल्यांची निवासी इमारत होती. एका मजल्याचं क्षेत्रफळ साधारण तीनशे चौरस मीटर. आमच्या गणितात सगळ्या भिंती 150 मिलिमीटर जाडीच्या एएसी ब्लॉकच्या धरल्या होत्या. तिसऱ्या स्लॅबचं स्टील तपासायला ही मुलगी साइटवर गेली. तिचं काम रिंगांचं अंतर, कव्हर आणि ओव्हरलॅप पाहून परत येण्याचं होतं. जिना उतरताना तिला पहिल्या मजल्यावर लाल विटांची भिंत दिसली. ब्लॉकचा पुरवठा थांबला होता आणि ठेकेदाराने काम अडू नये म्हणून विटा लावायला घेतल्या होत्या. आमच्या कार्यालयाला कोणी कळवलं नव्हतं.

इथपर्यंतचं काम कुठल्याही दक्ष अभियंत्याने केलं असतं. फोन करून “सर, साइटवर विटा लावतायत” असं सांगितलं असतं. ती संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या वहीत एक पान लिहिलेलं होतं. तुळईखालची भिंतीची उंची 2.4 मीटर. ब्लॉकचं वजन घनमीटरला 8 किलोन्यूटन धरलं तर भिंतीचा भार मीटरला 2.88 किलोन्यूटन येतो. विटेचं 20 धरलं तर तोच 7.2 होतो. फरक 4.32. प्लास्टर दोन्हीकडे सारखं, म्हणून सोडून दिलेलं. खिडक्या-दारं वगळून एका मजल्यावर सुमारे 110 मीटर भिंत, म्हणजे मजल्यामागे 475 किलोन्यूटन. सातही मजले विटांचे झाले तर तीन हजार तीनशे किलोन्यूटनच्या वर. इमारतीच्या एकूण भाराच्या दहा टक्क्यांहून जास्त.

मला थांबवलं ते त्या पानाच्या खालच्या दोन ओळींनी. तिने लिहिलं होतं की नुसत्या उभ्या भाराला बहुतेक कॉलम पुरतील असं वाटतं, पण वजन वाढलं की भूकंपाचा आडवा भारही त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून फक्त फूटिंग तपासून भागणार नाही, मॉडेल पुन्हा चालवावं लागेल. पदवीला तीन वर्षं झालेल्या मुलीने भिंतीकडे बघून बेस शिअरचा विचार केला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही मॉडेल चालवलं. पहिल्या मजल्यावरच्या विटा तशाच ठेवता आल्या, वरच्या सगळ्या मजल्यांवर ब्लॉकच वापरायचे असं लेखी कळवलं, आणि एका कडेच्या फूटिंगची मर्यादा अगदी काठावर आहे हेही त्यात लक्षात आलं.

पत्रात मी ‘मेहनती’ हा शब्द एकदाही वापरला नाही. हा प्रसंग मात्र आकड्यांसकट दहा-बारा ओळींत लिहिला. स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकवणारा प्राध्यापक ते वाचेल तेव्हा ही मुलगी स्ट्रक्चरल डायनॅमिक्सच्या वर्गात कशी बसेल, याचा अंदाज त्याला करता येईल. कॉलेजमधल्या सरांना तिचे गुण माहीत आहेत. साइटवरून परतताना ती काय विचार करते, ते फक्त मला माहीत आहे. पर्यवेक्षकाच्या पत्राचं काम एवढंच आहे.

दुसरा अडचणीचा भाग म्हणजे विद्यापीठाच्या फॉर्ममधला तक्ता. पत्रासोबत अनेक विद्यापीठं विचारतात की आजवर पाहिलेल्या सहकाऱ्यांमध्ये हा उमेदवार कुठे बसतो: पहिल्या पाच टक्क्यांत, दहा, पंचवीस की पन्नास. विश्लेषणक्षमता, लेखन, स्वतंत्रपणे काम करणं, अशा प्रत्येक रकान्यासाठी वेगळी खूण करायची असते. आपण मायेने सगळीकडे पहिले पाच टक्के टिपतो. ही माया उमेदवाराला महागात पडते, कारण पत्रातला मजकूर तक्त्याला आधार देत नाही. मी खूण करण्याआधी मोजतो. एकोणीस वर्षांत आमच्याकडे साधारण चाळीस कनिष्ठ अभियंते येऊन गेले. गणित पडताळण्यात ही मुलगी पहिल्या चारांत आहे, म्हणजे पहिले दहा टक्के. इंग्रजी अहवाल लिहिण्यात ती मधल्या गटात आहे, तिथे मी तशीच खूण केली. आणि हा चाळीसचा आकडा मी पत्रातही लिहिला, म्हणजे ‘पहिल्या दहा टक्क्यांत’ म्हणजे किती जणांत, ते वाचणाऱ्याला कळतं.

उणीव लिहावी की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत. माझं मत स्पष्ट आहे: लिहावी, पण खरी. ‘ती स्वतःला फार राबवून घेते’ अशी उणिवेच्या वेशातली स्तुती कोणाला फसवत नाही. ही मुलगी पहिले सहा महिने अडलं तरी विचारत नसे. एका जिन्याच्या डिझाइनवर ती तीन दिवस एकटी बसली होती, आणि गाठ दहा मिनिटांत सुटणारी होती. नंतर तिने शंकांसाठी वेगळी वही ठेवली आणि रोज साडेपाचला ती घेऊन येऊ लागली. हे मी चार ओळींत लिहिलं. परदेशात गाईडकडे स्वतःहून जावं लागतं, हे ती आधीच शिकली आहे, हेही त्यातून कळतं.

थोडं व्यवहाराचं. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत अर्जदार शिफारस करणाऱ्याचा ईमेल भरतो आणि पत्र चढवण्याची लिंक थेट आपल्याला येते. तिथे कार्यालयाच्या डोमेनचा ईमेल द्यायला सांगा. लिंक अर्जदाराकडे सोपवून ‘तूच भर’ म्हणू नका, ती सरळसरळ फसवणूक आहे. अर्जदाराला आणखी एक प्रश्न विचारलेला असतो. 1974 च्या एका अमेरिकी कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे, तो हक्क शिफारसपत्रापुरता सोडतोस का, असा तो प्रश्न. सोडलेला बरा, कारण मग पत्र मोकळेपणाने लिहिलं आहे असं धरलं जातं. मी अशा वेळी पत्र दाखवत नाही. पण कोणते प्रसंग लिहिणार आहे, हे आधी बसून सांगतो, आणि नोकरीच्या तारखा व पदनाम अर्जाशी जुळतात का, ते पाहून घेतो.

ज्याच्याबद्दल असा एकही प्रसंग आठवत नाही, त्याला नाही म्हणावं. हे जड जातं. दोन वर्षांपूर्वी एका मुलाला मी नाही म्हणालो आणि ज्या सहकाऱ्याच्या हाताखाली त्याने खरं काम केलं होतं, त्यांच्याकडे पाठवलं. त्यांचं पद माझ्यापेक्षा लहान होतं, पण त्या मुलाबद्दल लिहिण्यासारखं त्यांच्याकडे दोन पानं होतं.

बहुतेक मुदती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात, म्हणून आमच्याकडे आता पत्र ऑक्टोबरातच मागायचं असं ठरलं आहे. येताना आपल्या साइट-डायऱ्या आणि गणिताच्या वह्या आणायच्या. त्या मुलीच्या पत्राला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यातली पहिली तिची वही चाळण्यात गेली, आणि विटांच्या हिशेबाचं ते पान सापडलं तेव्हा त्याच्या कोपऱ्यावर अजून सिमेंटचा डाग होता.