‘सपाट’ हा शब्द गाळू नका

पावसाळ्यात वेदगंगेचे पाणी गढूळ झाले की मुरगूड परिसरात जुलाबाचे रुग्ण वाढण्याची भीती असते. मग सूचना निघतात. त्या फलकावर लिहिल्या जातात, रिक्षावरून पुकारल्या जातात, मोबाइलवर फिरतात. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी त्या ‘सोप्या’ करून लिहितो. भाषा सोपी व्हायलाच हवी, पण नवा मजकूर मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय बाहेर जाऊ नये.

घरच्या जलसंजीवनीचे प्रमाण असे आहे: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. कोणी लिहितो, ‘लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर व चमचाभर मीठ.’ वाक्य सुटसुटीत झाले, पण मीठ दुप्पट झाले. ‘सपाट’ गेल्यामुळे चमचा शिगोशीग भरला जाईल. ‘चहाचा’ गेल्यामुळे पोह्यांचा मोठा चमचा हाती येईल. इतके खारट पाणी लहान मुलाच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढवू शकते.

पाकिटाचेही तसेच. सुमारे 21 ग्रॅमचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, तर 4.2 ग्रॅमचे छोटे 200 मिलिलिटरसाठी. ‘एक पाकीट पेलाभर पाण्यात’ एवढेच लिहिले आणि घरात मोठे पाकीट असले, तर द्रावण पाचपट तीव्र होते. छोटे पाकीट लिटरभर पाण्यात टाकले, तर क्षार पाचव्या हिश्शावर येतात.

आकडा शाबूत राहूनही अर्थ बदलू शकतो. मुलांना झिंक 14 दिवस द्यायचे असते, जुलाब थांबले तरी. ‘जुलाब थांबेपर्यंत, जास्तीत जास्त 14 दिवस’ असे लिहिले की 14 हा आकडा तिथेच राहतो, पण आई तिसऱ्या दिवशी गोळी बंद करते.

म्हणून नुसते आकडे जुळवून भागत नाही. मूळ मजकुरातील प्रत्येक आकडा, माप, वय आणि ‘तरी’, ‘पर्यंत’, ‘नको’ यांसारख्या शब्दांखाली रेघ मारावी व नव्यात प्रत्येकाची जागा शोधावी. यातून गळलेले सापडते. मग उलट जावे: नव्यातील प्रत्येक विधान मुळात आहे का, ते पाहावे. यातून घुसलेले सापडते. लिहिणाऱ्याच्या डोक्यात मूळ मजकूर पक्का असल्याने त्याला गळलेला शब्दही दिसल्यासारखा वाटतो. त्यामुळे ही तपासणी दुसऱ्याने करावी. शेवटी मूळ न वाचलेल्या माणसाला नवी सूचना देऊन द्रावण करायला सांगावे. त्याने कोणता चमचा उचलला आणि तो किती भरला, यावरून काय राहिले ते कळते.

मात्र मूळच चुकलेले असेल, तर ही ताडणी ते सांगणार नाही. त्यासाठी डॉक्टरांनाच विचारावे लागेल.