रॉकेट उडाले, पण बिल कुठे?

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी सोय आली की लिंक्डइनवर तिची पोस्ट ठरलेल्या थाटात येते. आधी ‘कळवताना अत्यंत आनंद होत आहे’, मग रॉकेटचे चित्र, मग ‘क्रांतिकारी’, ‘अखंड’, ‘सक्षमीकरण’. खाली अभिनंदनांचा पाऊस पडतो, आणि तो पाडणारे बहुतेक त्याच कंपनीतले असतात. ज्या लघुउद्योजकासाठी हा खटाटोप, त्याला पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. बाकीचा मजकूर ‘आणखी वाचा’च्या आड जातो, आणि त्या ओळी आनंदातच खर्च झालेल्या असतात.

सध्या जोरात खपणारी सोय म्हणजे टू-बी जुळवणी. तिच्याबद्दलच्या पोस्टमध्ये हमखास येणारे वाक्य असे : ‘आता जीएसटीत हजारो रुपये वाचवा.’ हे वाक्य खोटे आहे. पुरवठादाराने जीएसटीआर-१ मध्ये आपले बिल दाखवले, तरच ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये उमटते, आणि १ जानेवारी २०२२ पासून टू-बीत नसलेल्या बिलाचे क्रेडिट घेता येत नाही. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला जीएसटीआर-१ साठी ११ तारखेची मुदत आहे, टू-बी १४ तारखेला तयार होते आणि आपले थ्री-बी २० तारखेपर्यंत भरायचे असते. सॉफ्टवेअर काय करते? आपल्या खरेदीच्या नोंदी त्या टू-बीशी ताडून पाहते. कर तेवढाच राहतो.

हार्डवेअरच्या एका दुकानदाराने १ लाख रुपयांचा माल घेतला आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे १८ हजार रुपये कर दिला असे समजा. पुरवठादाराने आपले रिटर्न ११ ऐवजी १६ तारखेला भरले. ते बिल या महिन्याच्या टू-बीत येणार नाही, पुढच्या महिन्याच्या टू-बीत येईल. तोवर दुकानदाराने ते १८ हजार रोखीने भरायचे. पैसे बुडाले नाहीत, महिनाभर अडकले. पण ज्याचा धंदा उधारीवर चालतो त्याला महिनाही जड जातो. सोयीचा खरा उपयोग इथे आहे. कोणाचे बिल आले नाही हे तिच्यामुळे १४ तारखेनंतर लगेच कळते. मग पुरवठादाराला फोन करता येतो, आणि पुढच्या वेळी कराएवढी रक्कम टू-बीत बिल दिसेपर्यंत हातात राखून ठेवता येते. रिटर्न मात्र पुरवठादारानेच भरायचे, ते काम कोणतेही सॉफ्टवेअर करू शकत नाही.

आणखी एक गोष्ट पोस्ट लिहिणारे हटकून गाळतात. पुरवठादाराने बिल क्रमांक ‘एसई/०४१२/२५-२६’ असा भरला आणि दुकानातल्या मुलाने नुसता ‘४१२’ टाकला, तर भाबडे सॉफ्टवेअर एकाच बिलाची दोन भांडणे लावते : एक ‘नोंदीत आहे, टू-बीत नाही’, दुसरे ‘टू-बीत आहे, नोंदीत नाही’. रक्कम आणि जीएसटी क्रमांक दोन्हीकडे तोच असूनही अशा जोड्या यादीत दिसू लागल्या, तर दोष पुरवठादाराचा नसून जुळवणीचा आहे हे ओळखावे. नवी सोय क्रमांकातली ही अक्षरे, वर्ष आणि पुढची शून्ये सोडून जुळवते का, पैशांतल्या फरकाला किती सूट देते, हे सांगणे म्हणजे खरी जाहिरात. पण त्यात रॉकेट बसत नाही.

मग लिहायचे काय? साधारण एवढे : ‘कोणत्या पुरवठादाराचे बिल टू-बीत आले नाही आणि त्यापायी तुमचा किती कर अडकला, याची यादी आता पुरवठादारवार मिळेल. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर एपीआयची परवानगी चालू करून ओटीपी द्यावा लागेल. ती परवानगी जास्तीत जास्त ३० दिवस टिकते, मग पुन्हा द्यावी लागते. सोय अमुक प्लॅनपासून पुढे आहे. अडकलेले क्रेडिट ती सोडवून देत नाही.’ शेवटचे वाक्य मार्केटिंगवाल्यांना रुचणार नाही. पण ते वाचून विश्वास ठेवणारा दुकानदार, आणि बहुधा त्याच्याआधी पोस्ट वाचणारा त्याचा सीए, ‘हजारो वाचवा’ वाचून पुढे सरकणाऱ्यांपेक्षा कामाचा.

आणि पोस्ट २० तारखेला टाकू नका. त्या दिवशी तुमचा वाचक थ्री-बी भरत असतो. १५ तारखेला सकाळी टाका. टू-बी आदल्या दिवशीच आलेली असते आणि थ्री-बीआधी यादी पाहायला त्याच्या हातात अजून पाच दिवस असतात.