मानेतील गाठ

गेल्या पावसाळ्यात रविवारच्या मिस्सानंतर खानापूरकडील आमच्या परिचयाचे एक शेतकरी गृहस्थ आमच्यापाशी आले व जबड्याखाली बोट ठेवून म्हणाले, "येथे काही लागते का, पाहा बरे." वाटाण्याएवढी, बोटाखाली सहज सरकणारी गाठ होती. त्यांचे वडीलबंधू कर्करोगाने वारले होते. तेव्हापासून हे गृहस्थ दिवसातून तीस-चाळीस वेळा ती गाठ चाचपीत आणि रात्री पत्नीस उठवून विचारीत. "वाढली नाही" असे तिने म्हटले की तासभर बरे वाटे. मग शंका पुन्हा डोके वर काढी.

वाचकहो, घसा किंवा दात बिघडला म्हणजे मानेतील रसग्रंथी सुजतात आणि पुढे कित्येकदा लहानशा राहून जातात. ती जागा वारंवार दाबली की दुखू लागते. आमच्या मित्रांनी त्या दुखण्यालाच रोग वाढल्याचे लक्षण मानले होते. भीतीचा पुरावा त्यांचे बोटच निर्माण करीत होते!

ते दोन डॉक्टरांकडे जाऊन आले होते. परंतु "गाठ आहे" एवढेच त्यांनी सांगितले होते. आम्ही त्यांस कागदावर चार गोष्टी लिहावयास लावल्या: गाठ केव्हा दिसली, ताप किंवा वजनात घट आहे काय, दिवसातून किती वेळा हात जातो आणि मनात भीती कशाची आहे. शेवटच्या दोन लिहिताना ते लाजले. पण डॉक्टरांस खरी वाट त्यांवरूनच सापडली.

त्यांनी मान, काख, जांघ व तोंड तपासले. एक दाढ किडलेली निघाली. ती काढण्यास सांगून त्यांनी चार आठवड्यांनंतरचा दिवस नेमून दिला आणि तोवर गाठीस रविवारी एकदाच हात लावण्याची परवानगी दिली. "कशावरून आधी यावे?" या प्रश्नाचे उत्तरही त्यांनी स्पष्ट दिले: गाठ वाढू लागली, टणक झाली, हलेनाशी झाली, गळ्याच्या हाडावर नवी गाठ दिसली, अथवा ताप, रात्रीचा घाम किंवा वजनात घट सुरू झाली, तर थांबू नये. अशा वेळी क्षयाचीही तपासणी करावी लागते.

पहिला आठवडा कठीण गेला. हात मानेकडे जाऊ लागला की ते दहा मिनिटे थांबत. बेचैनी चढे आणि आपोआप उतरे. पत्नी एवढेच म्हणे, "रविवारी पाहू." महिन्याने गाठ तेवढीच होती, मात्र दुखत नव्हती.

ज्यांची भीती तपासणीनंतरही महिनोन् महिने हटत नाही, त्यांनी तेही डॉक्टरांस सांगावे. तो भित्रेपणा नव्हे. त्यावर संवादाने व गरज पडल्यास औषधाने उपचार होतो. आमच्या मित्रांची गाठ आजही आहे. परवा भेटले तेव्हा ते भाताच्या लावणीविषयीच बोलत होते.