सलग किती वेळ?

चिकपेटच्या गल्ल्यांत सोनं गाळणारी बरीच दुकानं आपल्या खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांची आहेत. त्यांच्या घरच्या सुनेचं पहिलं बाळंतपण अर्थातच माहेरी होतं. तिथं रात्री बाळ घ्यायला आई, आजी, मावशी असे चार हात असतात. मग दोन-अडीच महिन्यांनी बाळंतीण बेंगळुरूला परतते आणि दुकानामागच्या एका खोलीत दोनच हात उरतात. नेमकी तेव्हाच ती आपल्याकडे येते, दहाव्या आठवड्याच्या लसीला.

अशाच एका जोडप्याला मी विचारलं, "झोप होते का?" ती म्हणाली, "होते की, सात तास." मग विचारलं, "सलग किती?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "दीड तास असेल." आपण नेहमी पहिलाच प्रश्न विचारून थांबतो. तुकड्यांची बेरीज सात भरली तरी थकवा दीडच तास झोपल्याचा असतो.

नवरा म्हणाला, "मी उठतो की तिच्याबरोबर." चूक इथंच होती. दोघं जागे, दोघंही अर्धवट झोपलेले, आणि सकाळी त्याला भट्टी आणि तेजाबापाशी उभं राहायचं. म्हणून रात्र मधोमध तोडली. नऊला अंगावर पाजून तिनं झोपायचं, दीडपर्यंत बाळ त्याचं. साडेअकराच्या भुकेला संध्याकाळी काढून फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध गरम पाण्यात वाटी धरून कोमट करायचं, गॅसवर नाही, आणि वाटी-चमच्यानं पाजायचं. अर्धा तास जातो, जाऊ द्या. उरलेलं दूध टाकायचं. दीडनंतर बाळ तिचं, आणि त्यानं साडेसहापर्यंत उठायचं नाही, बाळ रडलं तरी.

पहिल्या महिन्यात मात्र हे सांगू नका. दूध अजून बसायचं असतं आणि रात्रीचं पाजणं टळलं की ते कमी होऊ शकतं. तेव्हा बाळ आणून देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं एवढं बापानं, माहेरी असेल तर तिथल्यांनी करावं, आईनं आडव्यानंच पाजावं. दहाव्या आठवड्यातही छाती दगडासारखी होऊन ती एक वाजताच जागी झाली, तर वेळ तासाभरानं आखूड करा किंवा झोपण्याआधी थोडं दूध हातानं काढायला सांगा. आणि बापाला बजावा, बाळ छातीवर घेऊन खुर्चीत डोळा लागता कामा नये. पाजून झालं की बाळ उताणं, त्याच्या जागी.

चौदाव्या आठवड्याला ती आली, सलग चार तासांवर. नवरा कुरकुरत होता की नऊला दुकानातले फोन बंद ठेवावे लागतात.

एक मात्र वेगळं ओळखा. बाळ शांत, नवरा जागा, आणि तरी तिला झोपच येत नाही, किंवा झोपेविना ती भलतीच उत्साही, अखंड बोलते आहे. तिथं वेळापत्रक लिहीत बसू नका. त्याच दिवशी निम्हान्सला पाठवा. आईला बाळासकट दाखल करून घेणारा विभाग तिथं आहे.