औषधाची किंमत कोणी ठरवली?

नैतिक निर्णयाविषयीच्या लेखनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. हाइन्झची बायको कॅन्सरने मरणपंथाला लागली आहे. तिला वाचवू शकेल असे औषध गावातल्या औषधविक्रेत्याकडे आहे. त्याला खर्च येतो २०० डॉलर, तो मागतो २०००. हाइन्झजवळ जमतात १०००, आणि उधारीला विक्रेता तयार नाही. मग हाइन्झने औषध चोरावे का? लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ च्या प्रबंधापासून अशा पेचांवर मुलग्यांची उत्तरे तपासली आणि नैतिक विकासाच्या सहा पायऱ्या मांडल्या. त्यात तत्त्व सांगणारा वरच्या पायरीवर, नाती सांभाळणारा खालच्या. कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की हा पाया ८४ मुलग्यांवर रचला आहे, मुली त्यात नाहीतच. अकरा वर्षांची एमी म्हणते की चोरी नको, कर्ज काढावे, विक्रेत्याशी बोलून मार्ग काढावा. हा कच्चेपणा नसून काळजीची वेगळी नीती आहे, असे गिलिगन यांचे म्हणणे. पाऊल मोठे होते, पण हा सूर कोणत्या स्त्रीचा? जोन ट्रॉन्टो यांनी १९८७ मध्ये सुचवले की ही भाषा बाईपणातून नव्हे, दुय्यम स्थानातूनही येत असेल. म्हणजे काळजीचा गौरव करताना ती कोणावर लादली गेली, हे विचारावेच लागते. किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये जनरल मोटर्सविरुद्धचा १९७६ चा निकाल तपासला. कंपनीने गोऱ्या स्त्रिया आणि काळे पुरुष नेमले होते. म्हणून लिंगभेद वेगळा आणि वंशभेद वेगळा पाहणाऱ्या न्यायालयाला काळ्या स्त्रियांवरचा अन्याय दिसलाच नाही. आपल्याकडे गोपाळ गुरू (१९९५) आणि शर्मिला रेगे (१९९८) यांनी हीच फट दाखवली. 'स्त्री' म्हणताना सवर्ण स्त्री आणि 'दलित' म्हणताना पुरुष गृहीत धरला, की दलित स्त्री दोन्हीकडून निसटते.

आता हाइन्झची गोष्ट पुन्हा वाचू या. मरणाऱ्या बाईला त्यात तोंडच नाही. दसपट किंमत मागण्याचा अधिकार विक्रेत्याला कोणी दिला, हे गोष्ट सांगत नाही. पकडला गेल्यावर गोऱ्या आणि काळ्या हाइन्झशी पोलीस सारखेच वागतील, हेही गृहीत आहे. एमीच्या 'बोलून बघा' या सल्ल्यालाही मर्यादा आहे. दुकानदार ज्याला दारात उभे करतो, त्यालाच बोलता येते. हाइन्झच्या जागी मजुरी करणारी दलित विधवा ठेवली, तर तारणावाचून कर्जाचा मार्ग तिला बंद, आणि तिची विनवणी ऐकली जाईल याचीही खात्री नाही.

याचा अर्थ नीती ही केवळ सत्तेची सावली, असा मात्र नव्हे. तसे म्हटले तर दसपट किंमत मागणे चूक, हे तरी कशाच्या आधारे म्हणायचे? 'चोरावे का' हा प्रश्न उरतोच. फक्त तो विचारण्याआधी पेच कोणी मांडला, त्यातून कोणाला वगळले आणि निर्णयाची किंमत कोण मोजणार, ही उत्तरे आपण मागायला हवीत.