पाच रविवारांचा महिना

गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या एका विद्यार्थ्याची आई वसतिगृहात भेटीसाठी आली होती. मुलाशी बोलणे झाल्यावर तिने पदराच्या गाठीतून दोन घडी घातलेल्या चिठ्ठ्या काढल्या आणि आमच्यापुढे ठेवल्या. एक मे महिन्याच्या पगाराची होती, दुसरी जून महिन्याची. ती एका मोठ्या कार्यालयाच्या इमारतीत ठेकेदारामार्फत साफसफाईचे काम करते. तिचा प्रश्न साधा होता. "सर, जूनमध्ये मी एक खाडा केला नाही. मग पगार आठशे सदुसष्ट रुपयांनी कमी कसा झाला?"

इतिहास शिकविणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो आधी दिनदर्शिका पाहतो. आम्हीही तेच केले. जून २०२५ ची पहिली तारीख रविवारी होती. म्हणून त्या तीस दिवसांच्या महिन्यात १, ८, १५, २२ आणि २९ असे पाच रविवार आले. कामाचे दिवस उरले पंचवीस. मे महिना एकतीस दिवसांचा, त्यात रविवार चारच, म्हणून कामाचे दिवस सत्तावीस. बाईंनी दोन्ही महिने पूर्ण भरले होते. तरीही महिन्याचा हिशोब बदलला, कारण तिला दिलेल्या हजेऱ्यांत दोनचा फरक होता. रोज ४३३ रुपये ३३ पैसे. सत्तावीस हजेऱ्यांचे ११,७०० आणि पंचवीस हजेऱ्यांचे १०,८३३. (कपाती येथे बाजूला ठेवल्या आहेत, आणि हिशोब समजावा म्हणून आकडे थोडे सोपे केले आहेत. सणांच्या भरपगारी सुट्ट्या हाही वेगळा विषय आहे.)

ठेकेदाराच्या मुकादमाचे उत्तर तिने आम्हांला सांगितले : रोजंदारी म्हणजे रोजंदारी, रविवारी काम नाही तर दाम नाही. हे उत्तर आपल्या वस्त्यांतून इतक्या वेळा ऐकू येते की अनेकांना तोच कायदा वाटतो. तो कायदा नव्हे. पण ठेकेदार संपूर्ण खोटे बोलत होता असेही नाही, आणि त्यामुळेच हा विषय समजून घेण्याजोगा आहे.

रविवारची सुट्टी आणि रविवारचा पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी ही मागणी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली संघटितपणे मांडली आणि १८९० साली गिरणीमालकांनी ती मान्य केली. आपण ती तारीख साजरी करतो, ते योग्यच आहे. परंतु त्या सुट्टीने विश्रांती मिळाली. तिचे मोल कोणी द्यायचे हा प्रश्न तसाच राहिला. १९४८ चा कारखाना अधिनियमही आठवड्याला एक सुट्टी देत होता, पण त्या दिवसाच्या पगाराबद्दल बोलत नव्हता. ही दोन टोके जोडली ती किमान वेतन अधिनियमाने. त्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले होते आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. त्याच्या कलम १३ मध्ये दर सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस आणि त्या दिवसाचे वेतन अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्याच वर्षीच्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमात तर स्पष्टच लिहिले होते की कामगार रोजंदारीवर असला तरी दुकान बंद असलेल्या दिवसाची मजुरी त्याला द्यावी लागेल. कामाच्या नगावर मजुरी असेल तर आधीच्या सहा दिवसांच्या सरासरीने द्यावी लागेल.

मग बाईंना जूनच्या पाच रविवारांचे पैसे वेगळे मिळायला हवे होते काय? येथे घाई करू नये. उत्तर एका भागाकारात आहे.

किमान वेतन कायद्याखालील केंद्रीय नियमांतील नियम २३ सांगत होता की विश्रांतीच्या दिवसाचे वेतन त्याच्या आदल्या दिवसाच्या दराने द्यावे. पण त्यालाच एक अपवाद जोडलेला होता. रोजाचा अधिसूचित दर मासिक दराला २६ ने भागून काढलेला असेल, तर विश्रांतीच्या दिवसाचे वेगळे वेतन देणे लागत नसे. महाराष्ट्राच्या किमान वेतन अधिसूचनांतही मासिक दराला २६ ने भागूनच रोज काढतात. कारण उघड आहे. समजा, मासिक दर १३,००० रुपये आहे. त्याला २६ ने भागले की रोज ५०० होतो. महिन्याचे चार रविवार वगळून सव्वीस दिवस काम केले की पूर्ण १३,००० हाती येतात. म्हणजे रविवारचा पगार प्रत्येक कामाच्या दिवसाच्या रोजात थोडाथोडा आधीच मिसळलेला असतो. तो पुन्हा मागणे म्हणजे एकाच दिवसाचे दाम दोनदा मागणे होईल, आणि कामगार अधिकारी असा अर्ज फेटाळतील.

या रीतीने रोज काढला तरी पाच रविवारांचा महिना डोळ्यांत खुपतोच. जूनमध्ये पंचवीस दिवस म्हणजे १२,५००; पाचशे रुपये कमी. पण पुढच्या जुलैत रविवार चार आणि कामाचे दिवस सत्तावीस, म्हणजे १३,५००. दोन्ही मिळून बरोबर २६,०००. मार्च आणि ऑगस्ट २०२५ मध्येही पाच रविवार होते, पण ते महिने एकतीस दिवसांचे असल्याने सव्वीस दिवस भरले आणि कमी काही झाले नाही. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ रविवार वजा केले की ३१३ उरतात. ३१२ ला १२ ने भागले की येतात सव्वीस. ही संख्या कोणी मनाने काढलेली नाही. ग्रॅच्युइटीचा हिशोबही याच सव्वीसने होतो, आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात तो मान्य केला आहे.

आता बाईंच्या चिठ्ठीकडे परत येऊ. तिचा दर ४३३ रुपये ३३ पैसे होता. त्याला ३० ने गुणून पाहा : १३,०००. म्हणजे ठेकेदाराने मासिक दराला २६ ने नव्हे, ३० ने भागले होते. तीसने भागायला हरकत नाही. पण तसे केले की प्रत्येक दिवसाच्या वाट्याला फक्त त्याच दिवसाची मजुरी येते, रविवारची त्यात काहीही नसते. मग पाचही रविवार हजेरीपटावर लावून तीस दिवसांचे पैसे द्यावे लागतात. ठेकेदाराने भागताना तीस धरले आणि देताना पंचवीस. रविवार आहेत असे मानून दर लहान केला, आणि रविवार नाहीत असे मानून हजेऱ्या मोजल्या. जूनमध्ये यामुळे तिचे १२,५०० ऐवजी १०,८३३ झाले. १,६६७ रुपये कमी. वर्षाच्या ३१३ दिवसांवर हा फरक सुमारे २०,९०० रुपयांचा होतो. एका गरीब घरातील दीड महिन्याहून अधिक मिळकत अशी गेली, आणि कोणत्याही एका दिवशी ती चोरीला गेल्याचे दिसले नाही.

म्हणून आम्ही पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना सांगतो की चिठ्ठीवरील रोजाला आधी २६ ने गुणा. उत्तर त्या कामाच्या अधिसूचित मासिक दराइतके किंवा त्याहून जास्त आले, तर रविवारचा पगार त्यात आहे. कमी आले, तर ३० ने गुणून पाहा. तेव्हा आकडा जुळला आणि रविवारचे पैसे मिळत नसतील, तर बाईंसारखेच झाले आहे. पाच रविवारांचा तीस दिवसांचा महिना ही तपासणी करण्यास सर्वांत सोयीचा, कारण खड्डा तेव्हा सर्वांत मोठा दिसतो. चार रविवारांच्या महिन्यात तो दिसत नाही असे नाही, पण 'महिन्यात कमीजास्त होतेच' म्हणून आपण पुढे जातो.

रविवारचे वेगळे पैसे जेथे लागू होतात तेथे एक अट आहे. त्याच मालकाकडे सलग किमान सहा दिवस काम झालेले असावे लागते. ही अट मोडण्याची एक युक्ती आम्ही पाहिली आहे : शनिवारी दुपारी 'आज काम नाही' म्हणून परत पाठवायचे. मात्र नियमातच याला उत्तर आहे. कामगाराला बोलावून, काम न देता फक्त हजेरीभत्ता दिला असेल, किंवा त्या सहा दिवसांत पगारी वा बिनपगारी रजा मंजूर झाली असेल, तर ते दिवस कामाचेच धरले जातात. त्यासाठी हजेरीची नोंद हवी. नोंद नसेल तर आपल्या वहीत रोजची तारीख आणि वेळ लिहावी. आमच्या मुलांनी आपल्या आयांसाठी एवढे सहज करावे.

सव्वीसच्या रीतीवरही आमचा एक आक्षेप आहे. वर्षाअखेर हिशोब जुळतो हे गणित म्हणून खरे. पण खोलीचे भाडे, किराणा आणि वाणसामानाची उधारी जूनमध्ये पाचशेने कमी होत नाही. जून हाच वह्या-पुस्तकांचा महिना. जो कामगार वर्षभर एकाच जागी काम करतो, त्याला कागदोपत्री रोजंदार ठेवून महिना कमीजास्त करण्याचे कारण काय? त्याला सरळ मासिक दर द्यावा आणि खाडा झाला तरच सव्वीसावा हिस्सा कापावा. तसेच चिठ्ठीवर रोजाच्या शेजारी तो कोणत्या संख्येने भागून काढला हे छापणे सक्तीचे असावे. एका ओळीची जागा पुरेल.

बाईंनी ऑगस्टमध्ये अर्ज केला. त्यात आम्ही केवळ चिठ्ठ्यांच्या प्रती आणि वरचा भागाकार लिहिला. सोबत एक प्रत कार्यालयालाही दिली, कारण ठेकेदाराने वेतन चुकविले तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार काम करून घेणाऱ्या मुख्य मालकावर जबाबदारी येत होती. आमच्या अनुभवात ही प्रतच अधिक कामाची ठरली. किमान वेतन कायद्याखाली दाव्याची मुदत सहा महिन्यांची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने ती तीन वर्षांवर नेली आणि विश्रांतीच्या दिवसाच्या वेतनाची तरतूद कलम १३ मध्ये कायम ठेवली. बाईंचा अर्ज जुन्या मुदतीतला. सहा महिन्यांचा फरक ठेकेदाराने दोन हप्त्यांत दिला, दर ५०० केला. त्याआधीची चार वर्षे ती त्याच इमारतीत त्याच भागाकाराने काम करीत होती. त्या वर्षांच्या चिठ्ठ्या तिच्याकडे नाहीत.